मेट्रोचं तिकीट स्वस्त केलं, तर गल्ला वाढेल का?

ऑक्टोबर २०२० मध्ये हैदराबादच्या मेट्रोने एक घोषणा केली. १७ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत तिकिटावर तब्बल ४० टक्के सूट! नाव होतं ‘मेट्रो सुवर्ण ऑफर’. करोनामुळे मार्चपासून बंद पडलेली मेट्रो ७ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने पुन्हा धावू लागली होती, पण डबे रिकामे होते. लोक अजून घाबरत होते.

आता मुलांनो, मेट्रोच्या हिशेबनीसाच्या खुर्चीत बसा. तिकीट स्वस्त केलं की माणसं वाढणार, हे कुणीही सांगेल. पण प्रत्येक माणूस आता कमी पैसे देणार. मग एकूण गल्ला वाढेल की घटेल?

सोपा आकडा घेऊ. ३० रुपयांचं तिकीट ४० टक्के सुटीत १८ रुपयांचं होतं. आधी १०० प्रवासी होते, म्हणजे गल्ला ३,००० रुपये. आता तेवढेच ३,००० रुपये १८-१८ रुपयांनी गोळा करायचे तर किती माणसं लागतील? भागाकार करून बघा. १६७! सूट ४० टक्क्यांची, पण नुसता तोटा टाळायलाच प्रवासी ६७ टक्क्यांनी वाढायला हवेत. मला हे गणित पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ते पुन्हा करून पाहिलं, इतकं ते अनपेक्षित वाटलं. छोट्या सुटीत हा फरक छोटा असतो. १० टक्के सुटीला ११ टक्क्यांहून थोडे जास्त गिऱ्हाईक पुरतात. सूट मोठी होत जाते तशी ही दरी भराभर रुंदावते. निम्म्या दरात विकायचं असेल, तर गिऱ्हाईक दुप्पट हवं.

यात एक गंमत दडलेली आहे. ३० वरून १८ वर येणं म्हणजे ४० टक्के घट, पण १८ वरून ३० वर जाणं म्हणजे जवळजवळ ६७ टक्के वाढ. अंतर तेच, १२ रुपयांचं, आणि टक्के मात्र दोन निराळे! म्हणून असा हिशेब करताना अर्थशास्त्रज्ञ पुष्कळदा जुन्या आकड्याने भागत नाहीत, नव्याने पण नाही. ते दोघांच्या सरासरीने भागतात. ३० आणि १८ ची सरासरी २४. फरक १२. म्हणजे किंमत ५० टक्क्यांनी बदलली. आता प्रवाशांकडे बघा. १०० आणि १६७ यांची सरासरी साधारण १३३, फरक ६७. तेही ५० टक्केच! प्रवाशांच्या बदलाला किमतीच्या बदलाने भागलं, तर उत्तर बरोबर १ येतं. आणि गल्ला जिथल्या तिथे राहतो.

हे जे उत्तर आलं, त्याला मागणीची लवचिकता म्हणतात. १८९० साली आल्फ्रेड मार्शल या इंग्लंडच्या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात ही कल्पना नीट मांडली. उत्तर १ पेक्षा मोठं आलं, तर लोक किमतीला चटकन दाद देतात आणि सुटीने गल्ला वाढतो. १ पेक्षा लहान आलं, तर लोक फारसे हलत नाहीत आणि सुटीने गल्ला घटतो. (किंमत घटते तेव्हा मागणी वाढते, म्हणून खरं तर हा आकडा उणे येतो. आपण उणे चिन्ह सोडून देऊ.)

मेट्रोच्या बाबतीत गल्ला हीच योग्य मोजपट्टी आहे, कारण गाडी रिकामी धावली काय नि भरलेली धावली काय, वीज आणि पगार जवळजवळ तेवढेच लागतात. बिस्किटवाल्याचं तसं नाही. त्याला प्रत्येक जादा पुड्याला मैदा, साखर, तूप लागतं, म्हणून त्याने गल्ल्याऐवजी नफा मोजायला हवा.

आता खरी मेख. लवचिकता कळणार कुठून? ती कुठल्या फलकावर लिहिलेली नसते. ती जुन्या विक्रीच्या वहीतून शोधून काढावी लागते, आणि वही फसवू शकते.

समजा, एका स्थानकाची वही आपल्या हाती आली. आकडे माझे आहेत, हिशेब कळावा म्हणून घेतलेले. सुटीच्या आधीच्या तीन आठवड्यांत ३० रुपयांच्या तिकिटाचे रोजचे प्रवासी ६०, मग ८०, मग १००. सुटीच्या आठवड्यात १७०. घाईने हिशेब केला तर १७० गुणिले १८, म्हणजे ३,०६० रुपये. आधीच्या ३,००० पेक्षा जास्त! लवचिकता १ च्या किंचित वर. सूट यशस्वी झाली म्हणून सगळे टाळ्या वाजवतील.

थांबा. पुन्हा वहीकडे बघा. ६०, ८०, १००. सूट नसतानाही दर आठवड्याला २० प्रवासी वाढतच होते, कारण भीती हळूहळू ओसरत होती. सूट दिली नसती तरी त्या आठवड्यात रोज १२० जण आले असते, आणि गल्ला झाला असता ३,६०० रुपये. म्हणजे सुटीने रोजचे ५४० रुपये घालवले! सुटीमुळे आलेले खरे नवे प्रवासी फक्त ५०. आता १२० आणि १७० घेऊन लवचिकता काढा. सरासरी १४५, फरक ५०, म्हणजे साधारण ३४.५ टक्के. त्याला किमतीच्या ५० टक्क्यांनी भागा. ०.६९. एक पेक्षा लहान. एकच वही, पण निकाल उलटा.

म्हणून जाणकार माणूस ‘आधी किती होते’ एवढं विचारून थांबत नाही. तो विचारतो, ‘सूट नसती तर किती असते?’ या प्रश्नाचं उत्तर वहीत कधीच लिहिलेलं नसतं, कारण तो आठवडा तसा घडलेलाच नसतो.

आणि खऱ्या हैदराबादेत त्या ऑक्टोबरमध्ये काय काय एकत्र आलं होतं बघा. १३ आणि १४ ऑक्टोबरला शहरात मुसळधार पाऊस होऊन पूर आला. कितीतरी वस्त्यांत पाणी शिरलं. म्हणजे सूट सुरू होण्याच्या आधीचा आठवडाच मंदावलेला, त्याच्याशी तुलना केली तर कुठलीही सूट चांगलीच दिसणार. शिवाय १७ तारखेलाच नवरात्र बसलं आणि २५ ला दसरा. तेलंगणात ही बतुकम्माच्या फुलांची, खरेदीची आणि माहेरी जाण्याची धामधूम. म्हणजे पुरानंतरची सावरणूक, सण, करोनातून सुटका आणि ४० टक्के सूट, सगळं एकाच पंधरवड्यात! गर्दी वाढली तर तिच्यातला कुठला माणूस कशामुळे आला, हे नुसत्या एकूण आकड्यावरून ओळखणं अशक्य आहे.

मग काय करावं? एक वाट अशी, की सूट नसलेल्या सोबत्याशी तुलना करायची. त्याच दिवसांत शहर बसचे प्रवासी किती वाढले ते बघायचं. बसलाही तोच पाऊस, तोच दसरा. बस जेवढी वाढली, तेवढी वाढ मेट्रोच्या आकड्यातून वजा केली, तर उरलेली बहुधा सुटीची. बहुधा, कारण स्वस्त मेट्रोने बसचे प्रवासी ओढून घेतले असतील, तर बसचा आकडाही सुटीने बिघडलेला असणार. आणि ९ डिसेंबर २०२३ नंतर ही वाट आणखी अवघड झाली. त्या दिवशी तेलंगणात ‘महालक्ष्मी’ योजनेखाली महिलांना बसप्रवास मोफत झाला. मेट्रोने आपलं तिकीट एका पैशानेही बदललं नाही, तरी मेट्रोची मागणी हलू शकते, कारण शेजारच्या रस्त्यावरच्या बसची किंमत शून्यावर आली.

मला सगळ्यात आवडणारी वाट दुसरी आहे. मेट्रोच्या स्मार्ट कार्डावर क्रमांक असतो. शेवटचा अंक सम असलेल्या कार्डांना सूट द्यायची, विषम असलेल्यांना नाही. दोन्ही गट त्याच पावसात भिजले, दोघांनीही दसरा केला, दोघांतही भित्रे आणि धीट सारखेच. आता दोन गटांच्या फेऱ्यांत जो फरक दिसेल तो सुटीचाच. सूट संपल्यावरचे दोनतीन आठवडेही मोजत राहायचे. सम गटाच्या फेऱ्या एकदम खाली गेल्या, तर समजायचं, की लोकांनी नंतरच्या फेऱ्या आधीच उरकून घेतल्या होत्या, नवा प्रवास असा काही झालाच नाही.

लवचिकता सगळ्यांची एकच नसते, हेही लक्षात घ्या. मियापूरहून रोज सकाळी अमीरपेटला कामावर जाणारी ताई तिकीट अर्धं झालं म्हणून दिवसातून दोनदा कामावर जाणार नाही. पण रविवारी आजीला घेऊन चारमिनार बघायला जावं की घरीच बसावं, हे ठरवताना तिकीट मोजलं जातं. २०२२ मध्ये हैदराबाद मेट्रोने ५९ रुपयांत दिवसभर कितीही फिरण्याची सोय दिली, ती फक्त ठरावीक सुट्ट्यांच्या दिवशी. कामावर जाणाऱ्यांचं तिकीट तसंच राहिलं. एप्रिल २०२३ पासून त्या सोयीचे ९९ रुपये झाले. ज्यांचं मन किमतीने वळतं, त्यांच्यासाठीच स्वस्ताई करायची, ही शहाणी युक्ती होती असं मला वाटतं.

उलटा प्रयोगही झाला. मे २०२५ मध्ये सगळ्यात महाग तिकीट ६० वरून ७५ रुपये झालं. तेव्हा गणित असं, की १०० तले २० प्रवासी सोडून गेले तरी गल्ला तेवढाच. त्यानंतर आठवडाभरातच दर थोडे खाली आणले आणि तेच तिकीट ६९ रुपयांवर आलं. आता १०० पैकी ८७ टिकले की गल्ला सांभाळला.

पण त्या एका आठवड्याच्या वहीतून लवचिकता काढू बघणाऱ्याला दोन गोष्टी विचारा. मे महिन्यात शाळा-कॉलेजं बंद असतात, मग घटलेले प्रवासी दरवाढीने घटले की उन्हाळी सुट्टीने? आणि तिकीट महागलं म्हणून ज्याने स्कूटर घ्यायचं ठरवलं, तो ती घेईपर्यंत काही महिने मेट्रोनेच येणार. पहिल्या आठवड्याच्या वहीत तो अजून प्रवासी म्हणूनच मोजलेला असतो.