तिरके शांकव सरळ करताना

अक्षांना समांतर मांडलेले लंबवर्तुळ कोणीही ओळखते. x² आणि y² यांचे सहगुणक समोर दिसतात, चिन्हे पाहिली की काम झाले. अडचण येते ती समीकरणात xy घुसल्यावर. हे समीकरण घ्या:

2x² − 4xy + 5y² − 8x + 2y + 5 = 0

नुसते पाहून हे लंबवर्तुळ आहे, अपास्त आहे की अन्वस्त, हे सांगता येत नाही. वक्र कुठल्या तरी कोनात कलला आहे आणि शिवाय आरंभबिंदूपासून सरकला आहे, एवढेच कळते. कल xy मुळे आहे, सरकणे x आणि y च्या एकघाती पदांमुळे. या दोन गोष्टी वेगवेगळ्या हाताळायच्या.

आधी केंद्र

लंबवर्तुळ किंवा अपास्त असेल, तर त्याला केंद्र असते. आरंभबिंदू तिथे नेला की एकघाती पदे नाहीशी होतात. केंद्र शोधायला डाव्या बाजूचे x च्या आणि y च्या संदर्भात अंशतः विकलन करून दोन्ही उत्तरे शून्य मानायची:

4x − 4y − 8 = 0
−4x + 10y + 2 = 0

बेरीज केली की 6y = 6, म्हणजे y = 1 आणि x = 3. केंद्र (3, 1) आहे. तिथे डाव्या बाजूची किंमत 18 − 12 + 5 − 24 + 2 + 5 = −6 येते. केंद्रापासून मोजलेल्या अंतरांना u आणि v म्हणू. मग समीकरण एवढेच उरते:

2u² − 4uv + 5v² = 6

द्विघाती भागाला इथे धक्काही लागलेला नाही. अक्ष कितीही सरकवले तरी तो बदलत नाही, म्हणून वक्राची जात शोधायची ती त्याच्यातच.

मॅट्रिक्स मांडताना होणारी चूक

हा द्विघाती भाग एका सममित मॅट्रिक्सने लिहितात. कर्णावर 2 आणि 5 येतात. uv चा सहगुणक −4 आहे, पण तो दोन जागी विभागला जातो, म्हणून कर्णाबाहेरच्या दोन्ही घरांत −2 लिहायचे. उत्तरपत्रिकांत सर्वाधिक दिसणारी चूक इथलीच: दोन्ही घरांत −4 बसवले जाते. तसे केल्यास निश्चयक 10 − 16 = −6, म्हणजे ऋण येतो आणि वक्र अपास्त ठरतो. खरा निश्चयक 10 − 4 = 6 आहे. एक भागाकार विसरला की बंद वक्राचा उघडा वक्र होतो, आणि पुढची सगळी आकडेमोड बिनचूक असली तरी काही उपयोग नाही.

दोन दिशा, दोन आकडे

आता मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू काढू. त्यांची बेरीज कर्णावरच्या संख्यांच्या बेरजेइतकी, म्हणजे 7, आणि गुणाकार निश्चयकाइतका, म्हणजे 6. समीकरण λ² − 7λ + 6 = 0, उकली 1 आणि 6. त्यांचे आयगेन व्हेक्टर अनुक्रमे (2, 1) आणि (−1, 2). दोन्ही एकमेकांना लंब आहेत, आणि हा योगायोग नाही. सममित मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू नेहमी वास्तव संख्या असतात, हे कोशीने 1829 मध्ये सिद्ध केले. वेगवेगळ्या आयगेन व्हॅल्यूंचे व्हेक्टर लंब असतात, हेही सममितीतूनच निघते. लंब आहेत म्हणूनच त्यांच्यावर नवे अक्ष बसवता येतात आणि अक्ष नुसते फिरवून काम भागते. आकृती ताणावी लागत नाही.

या दोन आकड्यांचा अर्थ हाताने तपासून पाहण्यासारखा आहे. केंद्रापासून (2, 1) या दिशेने गेलो, तर द्विघाती भागाची किंमत 8 − 8 + 5 = 5 आणि अंतराचा वर्गही 5. म्हणजे या दिशेत एक एकक चालले की किंमत 1 ने वाढते. (−1, 2) या दिशेने किंमत 2 + 8 + 20 = 30 आणि अंतराचा वर्ग पुन्हा 5; इथे त्याच एका एककात किंमत 6 होते. बाकी सगळ्या दिशांत ती 1 आणि 6 यांच्या दरम्यान असते.

आपल्याला किंमत 6 हवी आहे. सावकाश चढणाऱ्या दिशेने √6, म्हणजे सुमारे 2.45 एकके जावे लागते. झपाट्याने चढणाऱ्या दिशेने एकच एकक पुरते. मोठी आयगेन व्हॅल्यू म्हणजे मोठा अक्ष, असे अनेकांना वाटते. नेमके उलट आहे, आणि चढाची ही कल्पना मनात ठेवली तर गोंधळ होत नाही.

अक्ष फिरवणे

व्हेक्टरची लांबी √5 आहे, म्हणून त्यांना √5 ने भागून एकक लांबीचे करायचे:

u = (2X − Y)/√5, v = (X + 2Y)/√5

या किमती घातल्या की XY चे पद गळून पडते आणि X² + 6Y² = 6 उरते, म्हणजेच X²/6 + Y² = 1. हे लंबवर्तुळ आहे. केंद्र (3, 1), अर्धदीर्घाक्ष √6, अर्धलघुअक्ष 1. दीर्घाक्ष x-अक्षाशी करतो त्या कोनाचा टॅन्जंट 1/2, म्हणजे कोन सुमारे 26.57°.

√5 ने भागायचे राहिले तर 5X² + 30Y² येते. जात बरोबर कळते, पण आकार √5 पट लहान निघतो. ओळखायचे कसे? नव्या सहगुणकांची बेरीज 7 आणि गुणाकार 6 यायलाच हवा. 5 आणि 30 ची बेरीज 35 आहे, तेव्हा चूक तिथल्या तिथे सापडते.

कोन थेट काढायचे सूत्रही आहे: tan 2θ = B/(A − C), जिथे A, B, C हे x², xy, y² यांचे सहगुणक. इथे ते 4/3 देते. पण त्याला 26.57° आणि 116.57° असे दोन कोन चालतात, आणि यांतला दीर्घाक्ष कोणता हे सूत्र सांगत नाही. ते आयगेन व्हॅल्यूच सांगते.

आता मूळ समीकरणात तपासून पाहू. y = 1 घातले की x² − 6x + 6 = 0, म्हणून x = 3 ± √3. केंद्रापासून (√3, 0) इतक्या अंतरावरच्या बिंदूसाठी X² = 12/5 आणि Y² = 3/5; X² + 6Y² = 12/5 + 18/5 = 6. जुळले.

चिन्हे कुठवर पुरतात

दोन्ही आयगेन व्हॅल्यू एकाच चिन्हाच्या असतील तर लंबवर्तुळाची जात, विरुद्ध चिन्हांच्या असतील तर अपास्ताची. पण जात कळली म्हणजे वक्र आहेच असे नाही. आपल्या समीकरणातला शेवटचा 5 बदलून 11 करा. केंद्र तेच राहते, पण उजवीकडे 6 ऐवजी 0 येतो आणि अख्खे लंबवर्तुळ आकसून (3, 1) हा एकच बिंदू उरतो. 12 केला तर उजवीकडे −1 येतो आणि एकही बिंदू उरत नाही. आयगेन व्हॅल्यू तिन्ही वेळा 1 आणि 6 च. म्हणून केंद्रावरची किंमत न पाहता उत्तर लिहू नये.

एक आयगेन व्हॅल्यू शून्य असली की गोष्ट आणखी नाजूक होते. 5y² च्या जागी 2y² ठेवा. द्विघाती भाग 2(x − y)² होतो, आयगेन व्हॅल्यू 0 आणि 4. केंद्राची समीकरणे x − y = 2 आणि x − y = 1/2 अशी परस्परविरोधी येतात, म्हणजे केंद्रच नाही. इथे आधी अक्ष 45° फिरवावे लागतात. तसे केल्यावर 4Y² + 5√2 Y − 3√2 X + 5 = 0 मिळते; X फक्त एकघाती राहिला आहे, म्हणून हा अन्वस्त. मात्र एकघाती पदे −8x + 8y असती, तर सगळे समीकरण x − y मध्येच लिहिता आले असते आणि अन्वस्ताऐवजी दोन समांतर रेषा मिळाल्या असत्या.

सहगुणक मोजमापातून आलेले दशांश असतील तर हा शून्य कधीच नेमका शून्य येत नाही, 0.0003 किंवा −0.0002 असे काहीतरी येते. पहिल्या आकड्यावर कमालीचे लांबट लंबवर्तुळ म्हणावे लागते, दुसऱ्यावर अपास्त, आणि कागदावर केंद्राजवळ न जाता काढलेला तुकडा दोन्ही वेळा अन्वस्तासारखाच दिसतो. अशा वेळी ती संख्या मोजमापातल्या चुकीपेक्षा ठळकपणे मोठी आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर चिन्हावरून जात ठरवता येत नाही.