करकरणारा सांधा मोडका नसतो

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर रेवस परिसरातल्या जुन्या कौलारू घरांची पाहणी करताना एक वाक्य वारंवार कानी पडतं, "सांधा करकरतो, लोखंडी पट्टी मारून घेऊ." हा सल्ला देण्याआधी कार्यकर्त्यांनी तो सांधा समजून घ्यावा.

तुळईच्या टोकाला कोरून जी जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. खांबात त्याच मापाचं चौकोनी भोक पाडतात, ती साळ. कुसू साळीत बसवून त्यातून आडवी लाकडी खुंटी ठोकतात. काही ठिकाणी कुसू आरपार बाहेर काढून त्यात पाचर मारतात.

लाकूड ऋतूप्रमाणे हलतं. लांबीत जवळपास नाही, पण रुंदीत नक्की. सहा इंच रुंद सागवानी तुळईतला ओलावा पावसाळा-उन्हाळ्यात पाच टक्क्यांनी बदलला, तर तिची रुंदी सुमारे दीड मिलिमीटरने कमी-जास्त होते. खुंटीही लाकडाचीच असते आणि ती एकाच जागी धरते, त्यामुळे तुळईला दोन्ही बाजूंना फुगायला वाव राहतो. पाचर सैल झाली तर पुन्हा ठोकता येते. याउलट लोखंडी पट्टीचे दोन बोल्ट रुंदीत लांब-लांब मारले, तर लाकूड आकसू पाहतं आणि बोल्ट ते अडवतात. मग रेषांच्या दिशेने चीर जाते. शिवाय खाडीच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं ते वेगळंच.

वारा किंवा भूकंप आला की कुसू साळीत किंचित फिरतं, घासतं, दाबलं जातं. धक्क्याचा जोर त्यात खर्च होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अनेक घरांच्या जाड दगडी भिंती कोसळल्या, पण आतले लाकडी सांगाडे उभे राहिले. माणसं मात्र भिंतींखाली गेली. सांगाडा टिकला म्हणजे घर सुरक्षित, असा अर्थ काढू नये.

सांध्यालाही मर्यादा आहेत. तो फिरतो, म्हणून तिरकस आधार नसेल तर अख्खं घर एका बाजूला कलू शकतं. तुळई खांबावर नुसती टेकली असेल, तर वादळात छत वर उचललं जाताना तिला धरायला फक्त वजन उरतं.

म्हणून पाहणीत करकर ऐकून थांबू नका. ओळंबा धरून खांब कलला आहे का बघा. खुंटी वाकली किंवा तुटली आहे का, कुसू साळीतून बाहेर सरकलं आहे का, साळीच्या कडेला चीर आहे का, ते तपासा. खांबाच्या बुडाशी आणि सांध्यात स्क्रू-ड्रायव्हर टोचा. तो सहज आत गेला, तर ओल किंवा वाळवी लागली आहे. तिथे नवी पाचर उपयोगाची नाही, लाकूडच बदलावं लागतं.