कुत्र्यांमधील काचबिंदू : डोळ्याच्या दाबाचा आकडा कसा वाचायचा?

काचबिंदू कुत्र्यांनाही होतो. अचानक झाला तर "उद्या बघू" म्हणण्याइतकाही वेळ हातात नसतो. असं का, ते पाहू.

डोळ्यात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून बाहेर पडतो. नळ चालू आहे आणि मोरी तुंबली, तर काय होईल? पाणी साचेल. तसाच इथे द्रव साचून दाब वाढतो. कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड अशा जातींत हा निचऱ्याचा मार्ग जन्मतःच सदोष असू शकतो.

डॉक्टर टोनोमीटर नावाच्या छोट्या यंत्राने दाब मोजतात. कुत्र्याचा दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पारा असतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. समजा, दोन्ही डोळ्यांत २९ आणि २८ आले, पण कुत्रा झटापट करत होता आणि पट्टा मानेला आवळला होता. पट्टा सैल करून, पापणी धरताना डोळा न दाबता पुन्हा मोजलं, तर १९ आणि १८. म्हणजे आधीचा दाब मानेवरच्या ताणाचा होता, आजाराचा नव्हे.

आता दुसरं उदाहरण घेऊ. सात वर्षांचा कॉकर, सकाळपासून उजवा डोळा लाल. त्यात ५२, डाव्यात १७. शांतपणे पुन्हा मोजलं, तरी ५१. डोळ्यावर निळसर धुरकटपणा, बाहुली मोठी आणि उजेड टाकला तरी आकसत नाही. आकडा, दोन डोळ्यांतला फरक आणि लक्षणं एकच सांगतात : हा अचानक आलेला काचबिंदू आहे.

उलट, डोळा लाल पण दाब ७ असेल, तर डोळ्याच्या आतल्या भागाला सूज असण्याची शक्यता जास्त. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र वेगळे. म्हणूनच घरातले जुने थेंब घालू नयेत.

घाई कशासाठी? एवढ्या दाबाखाली दृष्टीच्या नसेला आणि पडद्याला रक्त नीट पोहोचत नाही. काही तासांपासून एक-दोन दिवसांत झालेलं नुकसान भरून येत नाही. नंतर दाब उतरला तरी गेलेली नजर परत येत नाही. शिवाय वेदना तीव्र असतात, पण कुत्रा ओरडेलच असं नाही. तो नुसता गप्प बसतो, खात नाही, डोकं हात लावू देत नाही.

आणि डावा डोळा? तिथे १७ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आजार जन्मजात रचनेचा असेल, तर पुढे त्यालाही धोका असतो. त्या डोळ्यातही प्रतिबंधक थेंब सुरू करायचे का आणि दाब पुन्हा कधी मोजायचा, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या.