हुमणीची वही

कागल तालुक्यात ऑगस्ट-सप्टेंबरला ऊस पिवळा पडू लागला की पहिला फोटो मोबाइलवरून निघतो आणि कृषी सहायकाकडे किंवा कारखान्याच्या शेती विभागाकडे पोहोचतो. फोटोत तळहातावर एक पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी असते आणि खाली एकच ओळ: ‘ही कोणती कीड? काय मारू?’ हुमणी हे उत्तर कुणीही देईल, पण ते अर्धंच उत्तर आहे. हुमणी म्हणजे जमिनीत राहणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या. या जिल्ह्यात उसाला त्रास देणाऱ्या दोन जाती प्रमुख आहेत. एक होलोट्रिकिया सेराटा, म्हणजे माळावरची हुमणी. दुसरी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा, नदीकाठची हुमणी. दोघींच्या अळ्या फोटोत बहिणी दिसतात, पण वागणं वेगळं असल्यामुळे उपायही वेगळा लागतो. कागलची पंचाईत अशी की एकाच तालुक्यात दूधगंगा-वेदगंगेच्या काठची काळी मळीही आहे आणि वरचा हलका माळही. एकाच शेतकऱ्याची दोन रानं दोन जातींची असू शकतात.

त्यामुळे तज्ज्ञाला अळीच्या चेहऱ्याआधी तिची जन्मकुंडली हवी असते: कुठे, कधी, किती वाजता. ती सांगणारी वही मे महिन्यातच उघडावी लागते. सप्टेंबरच्या पिवळ्या पानांची सुरुवात मे-जूनमध्ये झालेली असते.

माळावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर, अंधार पडता पडता जमिनीतून निघतात आणि थेट कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जातात. तिथे पानं खातात, मिलन होतं, पहाटेआधी पुन्हा मातीत. नदीकाठच्या जातीचं तसं नाही. तिचे भुंगेरे पाऊस लागून राहिला की तिन्हीसांजेला थोडा वेळ बाहेर पडतात, रानावरच खालून घिरट्या घालतात आणि झाडाचा पाला खाण्याच्या भानगडीत पडत नाहीत. म्हणजे कडुनिंबाच्या फांद्या हलवून भुंगेरे गोळा करण्याचा जो गावोगाव सांगितला जाणारा उपाय आहे, तो माळावर लागू पडतो आणि मळीत बहुतेक वाया जातो. मळीतल्या शेतकऱ्याने कितीही फांद्या हलवल्या तरी खाली पडायला भुंगेरा नसतो.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक नोंद कागलच्या रानात सापडेल अशीच आहे. एका शेतकऱ्याने वहीत लिहिलंय: ‘२४ मे, माळाचं रान, दुपारी वळीव. रात्री पावणेआठ, बांधावरच्या कडुनिंबावर भुंगेरे, पानं कुरतडलेली. फोटो.’ मग, ‘२५ मे, मळीचं रान, विहिरीजवळच्या कडुनिंबावर रात्री आठला पाहिलं, काही नाही.’ पुढे, ‘२० जून, मळी, तीन दिवस झड. सात वाजता सरीवरून भुंगेरे उडताना, साडेसातला बंद. एक पकडला, अंगावर बारीक खवले.’ शेवटी, ‘४ सप्टेंबर, मळी, ओढ्याकडच्या कोपऱ्यात आठ बेटं पिवळी. एक हाताने ओढलं, सहज आलं, मुळं खाल्लेली. बुडख्याखाली खणलं, तीन अळ्या.’

ही वही वाचणाऱ्या कीटकशास्त्रज्ञाला चार नोंदींतच दोन निकाल लागतात. माळावर सेराटा आहे, हे पावसाची तारीख, रात्रीची वेळ आणि खाल्लेला कडुनिंब यांवरून. मळीत दुसरी आहे, हे २५ मेच्या ‘काही नाही’वरून आणि जूनच्या अर्ध्या तासावरून. त्या ‘काही नाही’ला मी सगळ्यात जास्त किंमत देईन. बहुतेक लोक फक्त सापडलं तेव्हा लिहितात. मग झाडावर भुंगेरे नव्हते की कुणी पाहायलाच गेलं नव्हतं, हे नंतर कळायला मार्ग नसतो.

तारखेचा आणखी एक उपयोग आहे. भुंगेरे दिसल्यापासून पुढे मोजलं की आज अळी कोणत्या वयाची असेल याचा अंदाज येतो. सेराटाची अंडी साधारण दहा-पंधरा दिवसांत फुटतात. लहान अळी आधी कुजका पालापाचोळा आणि बारीक मुळं खाते, मोठी झाली की उसाची मुळं फस्त करते. मेटारायझियम बुरशी असो की कीटकनाशक, लहान अळीवर ते चालतं, तिसऱ्या अवस्थेतल्या जाड अळीवर फारसं चालत नाही. म्हणून पिवळं पान दिसल्यावर टाकलेल्या औषधाचे पैसे पुष्कळदा मातीत जातात. आधी काही टाकलं असेल तर त्याचंही नाव, प्रमाण आणि तारीख वहीत हवी.

पिवळा पडलेला प्रत्येक ऊस हुमणीचा नसतो, हेही वहीच सांगते. लागणीनंतरच्या पहिल्या महिन्यांत मधला पोंगा वाळला, ओढल्यावर सहज निघाला आणि त्याला घाण वास आला, तर ती खोडकीड. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, बेट मात्र मुळाला घट्ट असेल, तर लोहाची कमतरता असण्याची शक्यता. म्हणून ‘ओढून पाहिलं’ ही नोंद फोटोइतकीच मोलाची.

आता फोटोंबद्दल. एक फोटो पूर्ण रानाचा, पिवळा पट्टा कुठे आहे ते दिसेल असा. दुसरा उपटलेल्या बेटाच्या मुळांचा. तिसरा अळीचा, शेजारी पट्टी ठेवून. नाणं नको, एका रुपयाची नाणी वेगवेगळ्या आकारांत निघाली आहेत. चौथा फोटो कुणी काढत नाही आणि तज्ज्ञाला तोच हवा असतो: अळीच्या शेवटच्या भागाची खालची बाजू, अगदी जवळून, स्वच्छ धुऊन. तिथल्या बारीक काट्यांची मांडणी जातीनुसार बदलते. हुमणीच्या गुदद्वाराची चीर तीन फाट्यांची असते, तर शेणखतातल्या गेंड्या भुंगेऱ्याच्या अळीची आडवी. शेणखतात सापडलेल्या अळीला हुमणी समजून अख्खं खत फेकणारे लोक आहेत. त्याच खतात दुसरी एक अळी पाठीवर सरपटते. तिचा पाच सेकंदांचा व्हिडिओ पुरे, ती उसाची शत्रू नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली तारीख-वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून पडते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. तरीही गट क्रमांक आणि रानाचा कोपरा हाताने लिहावा, कारण ‘नदीपासून किती लांब’ हे फोटोत दिसत नाही.

अशी शिस्त सरकारनेही एका धक्क्यानंतरच धरली. २००८ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार केला. पुढच्याच वर्षी राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. नेमून दिलेल्या शेतांत ठरावीक दिवशी जाऊन मोजणी करायची आणि सल्ला त्या आकड्यांवरून द्यायचा, अशी त्याची रीत.

वहीची मर्यादाही आहे. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीची जात फोटोवरून ठरत नाही, आणि मागचा भाग मातीने भरलेला असेल तर मोठीचीही नाही. तेव्हा जिवंत नमुनाच न्यावा लागतो. रानातलीच ओलसर माती डब्यात भरून, झाकणाला भोकं पाडून, एका डब्यात एकच अळी. दोन ठेवल्या तर पोहोचेपर्यंत एकमेकींना चावून ठेवतात. डब्यावर वहीतल्या नोंदीचीच तारीख आणि रानाचं नाव.