एकतीस दिवसांचा रुग्ण आणि पद्धतीचा परिच्छेद

वैद्यकीय प्रबंधांच्या पद्धती विभागात एक वाक्य हमखास भेटते: ‘विदा प्रसामान्य नसल्याने मान-व्हिटनी चाचणी वापरली.’ वाक्य चुकीचे नाही, पण त्यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. विदा कशी होती आणि विचारायचे काय होते, हे त्यात येतच नाही.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एकाच शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती, प्रत्येकी आठ रुग्ण. जुन्या पद्धतीनंतरचा रुग्णालयातला मुक्काम ३, ४, ४, ५, ६, ७, ८ आणि ३१ दिवस. नव्या पद्धतीनंतरचा २, २, ३, ३, ४, ४, ५, ६. जुन्या गटाची सरासरी साडेआठ दिवस, पण आठपैकी सात जण त्याआधीच घरी गेले. ही सरासरी वर ओढली आहे ती एकट्या ३१ने. टी-चाचणी सरासऱ्यांची तुलना करते आणि त्या ३१मुळे गटातला पसाराही फुगतो. त्यामुळे इथे तिचे पी-मूल्य ०.१८च्या आसपास येते.

मान आणि व्हिटनी यांनी १९४७ साली मांडलेली चाचणी फक्त क्रम पाहते. जुन्या गटातला प्रत्येक रुग्ण नव्या गटातल्या प्रत्येकाशी ताडायचा, म्हणजे ६४ जोड्या. जुन्याचा मुक्काम जास्त असेल तर एक गुण, बरोबरी असेल तर अर्धा. बेरीज ५१ येते. ३१च्या जागी ९ लिहिले तरी ती ५१च राहते.

इथे पी-मूल्य ०.०५च्या काठावर येते. नेमका इथेच मोह होतो: दोन्ही चाचण्या करून सोयीची ठेवायची. म्हणून चाचणी कधी ठरवली, हे परिच्छेदात यायलाच हवे. शापिरो-विल्क चाचणीच्या निकालावर सगळा भार टाकणेही कच्चे. लहान नमुन्यात ती झुकाव सहज चुकवते, तर मोठ्यात क्षुल्लक फरकालाही बोट दाखवते.

मी परिच्छेद असा लिहीन: ‘मुक्कामाचे दिवस शून्याखाली जात नाहीत आणि गुंतागुंत झालेले मोजके रुग्ण खूप लांबतात, त्यामुळे वितरण उजवीकडे झुकलेले असणे अपेक्षित होते. नमुना लहान आहे. एका पद्धतीचा मुक्काम दुसरीपेक्षा सर्वसाधारणपणे जास्त असतो का, हा आमचा प्रश्न असल्याने विदा पाहण्यापूर्वीच आराखड्यात दुपुच्छ मान-व्हिटनी चाचणी निश्चित केली. कोणताही रुग्ण वगळलेला नाही. पी-मूल्यासोबत मध्यक, चतुर्थक आणि जुन्या पद्धतीचा मुक्काम जास्त असण्याची संभाव्यता दिली आहे.’

ती संभाव्यता म्हणजे ५१ भागिले ६४, सुमारे ०.८०, बरोबरीच्या जोड्या त्यात अर्ध्या धरल्या आहेत. ‘मध्यकांत फरक आढळला’ असे मात्र इथे लिहू नये. तो अर्थ काढायला दोन्ही वितरणांचा आकार सारखा लागतो, आणि इथे तो नाही.

प्रश्न खाटांचा किंवा खर्चाचा असेल, तर सरासरीच हवी. जुन्या गटाने ६८ खाट-दिवस वापरले, नव्याने २९. प्रशासनाला त्या ३१ दिवसांचाही हिशेब द्यावा लागतो. तिथे क्रमाची चाचणी उपयोगाची नाही. नमुना पुरेसा मोठा घेऊन वेल्च यांची टी-चाचणी वापरावी, आणि तिचे कारणही तितक्याच स्पष्टपणे लिहावे.