खड्डा नऊशेचा, माती बाराशेची

बंगल्याचा किंवा छोट्या इमारतीचा पाया खोदायला घेतला, की मालक आणि ठेकेदार यांच्यात पहिली कुरबुर बहुधा टिपरच्या खेपांवरून होते. मालकाने खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली गुणून काही आकडा काढलेला असतो. त्याला गाडीच्या मापाने भागून तो पासष्ट खेपांची तयारी ठेवतो, आणि नव्वद खेपा झाल्या तरी आवारात ढीग उरलेलाच असतो. मग संशय सुरू होतो. कधी तो खराही असतो, पण पुष्कळदा दोघेही प्रामाणिक असतात आणि हिशोबच अर्धवट केलेला असतो.

जमिनीतली माती वर्षानुवर्षांच्या दाबाने घट्ट बसलेली असते. पोकलेनच्या बकेटने ती उपटली, की ढेकळं, खडे आणि चुरा एकमेकांवर वेडेवाकडे पडतात आणि मधल्या फटींत हवा शिरते. वजन तेवढंच राहतं, आकारमान वाढतं. मुरूम साधारण पंचवीस टक्के फुगतो, काळी माती तीसच्या आसपास आणि ब्रेकरने फोडलेला काळा पाषाण पन्नास टक्के किंवा त्याहूनही जास्त. वाळू मात्र दहा-पंधरा टक्क्यांवरच थांबते, कारण तिचे कण मुळातच सुटे असतात. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते, तो प्रकार वेगळा. इथलं फुगणं पाण्याचं नाही, पोकळीचं आहे.

हे आकडे पुस्तकी सरासरीचे आहेत. आपल्या प्लॉटवरची माती किती फुगते, हे मोठं काम सुरू होण्याआधी घरच्या घरी पाहता येतं. दीड-दोन फूट खाली नेऊन जमीन सपाट करायची आणि तिथे अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल असा चौकोनी खड्डा नीट कडा राखून काढायचा. त्याचं माप होतं १२५ लिटर. निघालेला मुरूम वीस लिटरच्या डिस्टेंपरच्या बादलीत न ठोकता, न दाबता भरायचा आणि काठाशी फळी फिरवून सपाट करायचा. न फुगता तो सव्वासहा बादल्यांत मावला असता. प्रत्यक्षात पावणेआठच्या पुढे बादल्या भरल्या, तर फुगवटा पंचवीस टक्के आहे असं समजायचं. खडक मात्र असा तपासता येत नाही, तिथे अनुभवाचाच आकडा धरावा लागतो.

आता पुण्याच्या परिसरात सहज भेटेल असा एक प्लॉट घेऊ. तळघर वीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद आणि तीन मीटर खोल, म्हणजे खड्डा ९०० घनमीटरचा. वरचा अर्धा मीटर काळी माती, म्हणजे १५० घनमीटर. त्याखाली दीड मीटर मुरूम, ४५० घनमीटर. तळाचा एक मीटर पाषाण, ३०० घनमीटर. प्रत्येक थर आपापल्या दराने फुगवला, तर माती १९५, मुरूम साधारण ५६३ आणि दगड ४५० घनमीटर होतो. एकूण बाराशेच्या थोडं वर. साइटवरच्या भाषेत बोलायचं, तर खड्ड्यातले ३१८ ब्रास गाडीत चढताना ४२७ ब्रास होतात, कारण एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर.

दहा चाकी टिपरची बॉडी आतून चौदा घनमीटरची, म्हणजे जवळपास पाच ब्रासची आहे असं धरू. न फुगवता भाग दिला तर पासष्ट खेपा येतात, फुगवून थरागणिक भाग दिला तर अठ्ठ्याऐंशी. बहुतेक जण इथे थांबतात. मला वाटतं खरी चूक इथेच होते, कारण माती फुगली तरी वजन हललेलं नसतं, आणि रस्ता व गाडीचे पाटे यांना कळतं ते वजनच.

2018 पासून दहा चाकी गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची मुभा आहे. बॉडीसकट रिकामी गाडी साडेबारा टनांची असेल, तर मालाला उरतात सोळा टन. जमिनीतली काळी माती घनमीटरला १.७ टन, मुरूम १.९ आणि पाषाण २.६ टन धरला, तर आपल्या खड्ड्यातून २५५ टन माती, ८५५ टन मुरूम आणि ७८० टन दगड निघतो. सोळाने भागून प्रत्येक थराची शेवटची अपुरी गाडी पूर्ण धरली, तर मातीला सोळा, मुरमाला चोपन्न आणि दगडाला एकोणपन्नास, अशा एकशे एकोणीस खेपा होतात. पासष्ट नाही आणि अठ्ठ्याऐंशीही नाही.

याचाच दुसरा अर्थ असा, की नियमात चालणारी गाडी फाळक्याच्या काठापर्यंत भरलेली दिसणारच नाही. सुट्या मुरमाचे सोळा टन म्हणजे साडेदहा घनमीटर, बॉडीचा तीन चतुर्थांश भाग. दगडाच्या वेळी दोन तृतीयांश बॉडी भरली, की थांबायचं. मालकाला वाटतं, गाडी अर्धीमुर्धी भरून खेपा वाढवताहेत. तो ‘काठोकाठ भरा’ म्हणून आग्रह धरतो आणि गाडीत एकवीस टनांहून जास्त मुरूम चढतो. मग उतारावर ब्रेक नीट लागत नाहीत, टायर फुटतात, सोसायटीसमोरचा रस्ता खचतो, आणि काठावरचे दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वारापुढे पडतात. मालकाच्या बचतीची किंमत कोणीतरी तिऱ्हाईत मोजतो, हे मला अजिबात पटत नाही. पोकलेनचा ऑपरेटर सुज्ञ असेल तर तो बकेटी मोजतो. पाऊण-एक घनमीटरच्या बकेटने मुरमाच्या अकरा-बारा बकेटी टाकल्या, की तो हॉर्न देऊन गाडी सोडतो.

पावसाळ्यात हिशोब आणखी बिघडतो. भिजलेल्या मातीत पाण्याचं वजन वाढतं, म्हणजे सोळा टनांत माती कमी बसते. शिवाय चिकट काळी माती बॉडीच्या तळाला आणि कोपऱ्यांना धरून बसते, टिपर उचलला तरी पडत नाही आणि तशीच परत येते. दोन-तीन खेपांनी एकदा बॉडी खरवडली नाही, तर तीच माती दिवसभर गाडीतून फिरते आणि प्रत्येक फेरीला तिची जागा भाड्यात मोजली जाते.

बिल करताना आणखी एक घोटाळा होतो. शंभराचे सव्वाशे झाले, म्हणून गाडीच्या मापातून पंचवीस टक्के वजा केले जातात. सव्वाशेतून पंचवीस टक्के गेले, तर उरतात पावणेचौऱ्याण्णव. उलट येताना वीसच टक्के वजा करायचे असतात. गाडीत पाच ब्रास सुटा मुरूम असेल, तर खड्ड्यातला तो चार ब्रास. शेकडो ब्रासच्या कामात या फरकाने ठेकेदाराचे बरेच पैसे बुडतात.

यातून सुटायचं तर दर खड्ड्याच्या मापावर ठरवावा, असं माझं ठाम मत आहे. काळी माती संपून मुरूम लागला, मुरूम संपून पाषाण लागला, की त्या पातळीला काम अर्धा तास थांबवून दोघांनी मिळून टेप लावावा आणि वहीत सह्या कराव्यात. पुढे खेपा किती झाल्या, हा मग ठेकेदाराचा प्रश्न राहतो. खेपेवरच दर ठरला असेल, तर पहिल्या दिवशी गाडी रिकामी असताना बॉडी आतून मोजावी, आणि मुरूम व दगड कुठपर्यंत भरायचा याच्या दोन रेघा रंगाने आतल्या बाजूला मारून घ्याव्यात. गाडी बदलली, की रेघाही नव्याने माराव्यात, कारण दोन टिपरच्या बॉड्या क्वचितच सारख्या मापाच्या असतात.