हाउलंड करंट सोर्स: सगळा खेळ चार रेझिस्टरांचा

एक ऑप-अँप आणि १० किलोओहमचे चार रेझिस्टर. एमआयटीच्या ब्रॅडफोर्ड हाउलंड यांच्या या सर्किटला १ व्होल्ट द्या, लोडमधून १०० मायक्रोअँप जातो. लोडवरचा व्होल्टेज वाढला की इनपुटच्या R1 मधून येणारा करंट घटतो. तेवढाच करंट ऑप-अँप R2 मधून भरून काढतो. R3 (ग्राउंडकडचा) आणि R4 (फीडबॅकचा) ही भरपाई किती ते ठरवतात.

भरपाई तंतोतंत हवी असेल, तर R4/R3 आणि R2/R1 समान हवेत. १ टक्क्याचे चार रेझिस्टर वाईटात वाईट जुळले तर फरक ४ टक्के, आणि आउटपुट रेझिस्टन्स १० किलोओहम भागिले ०.०४, म्हणजे फक्त २५० किलोओहम! फरक उलट दिशेचा असेल तर आउटपुट रेझिस्टन्स चक्क ऋण होतो.

तपासणं सोपं आहे. ±१५ व्होल्ट सप्लायवर आउटपुट मीटरमधून थेट ग्राउंडला जोडा: १०० मायक्रोअँप. मग मध्ये ४७ किलोओहम घाला. २५० किलोओहमच्या सर्किटमध्ये आकडा ८४ वर येतो. ऋण असेल तर १२३ पर्यंत चढतो. R4 च्या जागी ९.५३ किलोओहम आणि १ किलोओहमचा ट्रिमपॉट सिरीजमध्ये लावा आणि दोन्ही रीडिंग सारखी येईपर्यंत फिरवा. महागडा ऑप-अँप घेण्याआधी हे करून बघा.